तोंड पाहून कीटकाची रोगवाट ओळखणं: झुरळ, माशी, डास आणि डाळिंबावरचा पतंग

प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मुखांगांच्या चार स्लाइड असतात. मुलं चारही आकृत्या काढतात, नावं देतात आणि सही घेऊन मोकळी होतात. मग तोंडी परीक्षेत विचारलं, की माशी चावत नाही तरी जुलाब पसरवते, डास चावतो तरी एड्स पसरवत नाही, हे कसं, तर समोरचा गप्प होतो. उत्तर त्याच आकृत्यांत असतं. कुठलाही कीटक हातात आला की तोंडाला तीन प्रश्न विचारायचे. हे तोंड कातडीच्या किंवा सालीच्या आत शिरतं का? लाळ बाहेर पडायची नळी आणि अन्न आत घ्यायची नळी एकच आहे की वेगळी? आणि खाणं अर्ध्यावर सोडून तो दुसरीकडे जाऊन बसतो का? सोलापुरात सहज मिळणाऱ्या पाच किड्यांवर हे तिन्ही प्रश्न लावून बघू.

सामान फार लागत नाही. दहा पट मोठं दाखवणारं हातभिंग, दोन बारीक सुया, एक चिमटा, काचपट्ट्या, कव्हरस्लिप, ग्लिसरीन आणि कॉलेजात असतो तो साधा सूक्ष्मदर्शक. किडे मारायला विष वापरू नका. बाटलीत बंद करून फ्रीजरमध्ये तासभर ठेवले की पुरतं, आणि अवयवही नरम राहतात.

आधी झुरळ, कारण नकाशा तिथेच आहे

घरात मरून पडलेलं मोठं तांबडं झुरळ घ्या. डोकं कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, म्हणजे १०० मिली द्रावणात १० ग्रॅम या प्रमाणात, टाका. ही परीक्षानळी उकळत्या पाण्याच्या भांड्यात दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवा. थेट ज्योतीवर धरू नका, द्रावण उसळून तोंडावर उडतं. हातमोजे आणि चष्मा हवाच. घाई नसेल तर रात्रभर नुसतं थंड द्रावणात ठेवलं तरी चालतं. मांसल भाग विरघळतो आणि कठीण कवच उरतं. ते पाण्यात दोन-तीनदा धुवा, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवा आणि सुईने एकेक भाग सुटा करा.

वरून झाकण घालणारा ओठ म्हणजे लॅब्रम. त्याखाली दातेरी, काळपट, जाड असे दोन जबडे, म्हणजे मॅन्डिबल. हे वरखाली हलत नाहीत, आडवे मिटतात. त्यामागे अन्न धरून ठेवणारी मॅक्सिलांची जोडी, मग खालचा ओठ म्हणजे लेबियम, आणि मधोमध जिभेसारखा हायपोफॅरिंक्स, ज्याच्या बुडाशी लाळ येते. या नावांची उजळणी इथेच पक्की करा. पुढचे सगळे किडे हेच भाग ताणून, जोडून किंवा गाळून आपापली हत्यारं बनवतात.

झुरळाला पहिला प्रश्न विचारा. हे तोंड कुरतडतं, आपल्या कातडीत शिरत नाही. त्यामुळे लाळेचा रस्ता इथे गौण ठरतो. गटारातून आलेल्या पायांना चिकटलेली घाण आणि डब्याच्या कडेला टाकलेली लेंडी हीच त्याची रोगवाट. साल्मोनेलासारखे जंतू त्याच्या पोटातून जिवंत बाहेर पडू शकतात. म्हणून झुरळाच्या बाबतीत उपाय तोंडाशी नाही, उघड्या अन्नाशी आणि ओल्या मोरीशी आहे. झुरळाला एवढं पुरे.

घरमाशी: तोंड मऊ, पण नुकसान मोठं

ताज्या मेलेल्या घरमाशीची छाती चिमट्याने हलकी दाबा. डोक्याखाली दुमडलेली सोंड बाहेर येते. टोकाला दोन मांसल, रुंद पाळ्या दिसतील. शंभर पट मोठं करून पाहिलं की पाळ्यांवर बारीक समांतर खाचा दिसतात, त्यांना स्यूडोट्रॅकिया म्हणतात. द्रव या खाचांत टिपला जातो आणि मधल्या छिद्राकडे ओढला जातो. मॅन्डिबल इथे नाहीतच. सोंडेचा हा सगळा पसारा मुख्यतः लेबियमचा.

आता जिवंत माशीवर एक प्रयोग करा. पारदर्शक डब्यात माशी सोडा आणि साखरेचे चार दाणे टाका. भिंगातून पाहिलं तर ती दाण्यावर पाळ्या टेकवते, थेंबभर द्रव सोडते, दाणा ओला होतो आणि मग ती तो टिपते. हा द्रव म्हणजे लाळ, आणि पुष्कळदा आधीच्या जेवणातला, अन्नपिशवीतून परत वर आलेला भाग. आधीचं जेवण उकिरड्यावर झालं असेल, तर त्यातलं काय साखरेवर आलं हे वेगळं सांगायला नको. घट्ट अन्न खाण्यासाठी ते आधी ओलं करणं तिला भागच आहे, आणि हगवणीचे, टायफॉइडचे जंतू अन्नावर पोहोचतात ते याच सवयीमुळे. शिवाय पाय आणि विष्ठा आहेच.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर स्वयंपाकघरात किंवा चहाच्या टपरीवर दिव्याजवळ पांढरा कागद दोन दिवस लटकवा. त्यावर दोन तऱ्हेचे ठिपके पडतात. गडद, उठावदार ठिपके विष्ठेचे. फिकट, पिवळसर, पसरट ठिपके ओकारीचे. फिकट ठिपके मोजून झाले की उघड्या थाळीतल्या शेंगाच्या चटणीवर झाकण का हवं, हे घरात कुणाला समजावत बसावं लागत नाही.

घरमाशीच्या बाबतीत आणखी एक लक्षात ठेवा. तिच्या शरीरात या जंतूंना वाढायची गरज नसते. ती फक्त ने-आण करते. त्यामुळे उकिरड्यावरून उठलेली माशी पाच मिनिटांनी थाळीवर बसली तरी धोका तेवढाच.

डास: दोन नळ्यांचं कोडं

डासाची मादी हवी. मिशा झुपकेदार असतील तर तो नर, तो बाजूला ठेवा. नराच्या तोंडात कातडी भेदायची हत्यारं अपुरी असतात, तो फुलांच्या रसावर जगतो. मादीचं डोकं पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवा आणि सोंडेच्या बुडापासून टोकाकडे बारीक सुईने हलके ओढत न्या. बाहेरचं जाडसर म्यान एका बाजूला होतं आणि आतून केसासारख्या सुया सुटतात. एकूण सहा. घाई केली तर त्या एकमेकींना चिकटून एकच तार दिसते. तसं झालं तर पाण्याचा थेंब वाढवा आणि पुन्हा सुरुवात करा.

म्यान म्हणजे लेबियम. ते कातडीत शिरत नाही, डास चावत असताना बाहेरच वाकून राहतं. सहांपैकी सगळ्यात जाड ती लॅब्रम, आणि रक्त वर ओढायची नळी तिच्यातच. दोन मॅन्डिबल, दोन मॅक्सिला. मॅक्सिलांच्या टोकाला करवतीसारखे दाते असतात, ते ४०० पट मोठं केल्यावर स्पष्ट दिसतात. उरलेली सहावी सुई हायपोफॅरिंक्स, तिच्यातून लाळ खाली जाते. म्हणजे वर जाणारं रक्त आणि खाली येणारी लाळ यांचे रस्ते वेगळे.

एड्सचं उत्तर इथे आहे. एकाचं रक्त डासाने घेतलं की ते पोटात जातं. दुसऱ्याला चावताना तो लाळ सोडतो, पोटातलं रक्त सोडत नाही. एचआयव्ही डासाच्या शरीरात वाढत नाही, पचून जातो, म्हणून लाळेपर्यंत पोहोचतच नाही. सोंडेला बाहेरून लागलेलं रक्त नगण्य. मलेरियाचा परजीवी मात्र पोटाच्या भिंतीत वाढतो आणि मग लाळग्रंथीत येऊन बसतो. त्याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. सोलापूरहून गाडीने काही तासांवर असलेल्या सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठराच्या भिंतीवर हे परजीवी पाहिले. ते लाळग्रंथीत जातात हे त्यांनी पुढच्या वर्षी कोलकात्यात पक्ष्यांच्या मलेरियावर दाखवलं. डेंग्यूचा विषाणूही असाच, आठ-बारा दिवसांनी लाळेत उतरतो. त्यानंतर तो डास जगेल तोवर चावत राहतो. दिवसा चावणाऱ्या एडिसला हाकललं की तो अर्ध्यावर उठतो आणि त्याच घरातल्या दुसऱ्याला चावतो, म्हणून एका घरात तापाचे तीन-तीन रुग्ण निघतात. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात घरोघरी पिंपं भरून ठेवलेली असतात, आणि एडिसला अंडी घालायला तेच लागतं. पिंप नुसतं रिकामं करून भागत नाही. काठाला चिकटलेली अंडी सुकूनही टिकतात, म्हणून आतून घासायलाच हवं.

या नियमाला एक अपवाद आहे आणि तो फार सुंदर आहे. हत्तीरोगाच्या अळ्या लाळेतून येत नाहीत. त्या म्यानाच्या, म्हणजे लेबियमच्या टोकाशी जमतात, चावताना कातडीवर उतरतात आणि सुयांनी केलेल्या छिद्रातून स्वतः आत सरकतात. कित्येक वाटेतच सुकून मरतात. म्हणूनच हत्तीरोग एखाद्या चाव्याने सहसा होत नाही, त्यासाठी पुष्कळ चावे लागतात. याउलट मलेरियाला एक चावाही पुरतो.

गोठ्यातली माशी: हुबेहूब दिसते, पण तोंड वेगळं

खरी फसगत गोठ्यात होते. मोहोळ भागातल्या एका गोठ्यावर गेलो होतो. सात जनावरं. दूध घटलं होतं, आणि जवळच्या वस्तीवर लम्पीच्या गाठी आलेली गाय असल्याने घरातले धास्तावले होते. गोठ्याच्या मालकांनी माश्यांसाठी साखरेचं विषारी आमिष ठेवलं होतं, आणि ताटलीत मेलेल्या माश्यांचा खच होता. तरी गाई एकसारख्या पाय आपटत होत्या.

"मामा, माश्या मरताहेत, मग गाई पाय का आपटताहेत?"

"तेच तर कळंना सर. पसाभर माश्या मेल्या बघा, पण त्रास तेवढाच."

अशा वेळी क्रमाने जायचं. पहिल्यांदा नुसतं उभं राहून बघायचं. माश्या डोळ्यांवर, नाकपुड्यांवर, गव्हाणीवर असतील तर त्या बहुधा घरमाशीच्या जातीच्या. पायांवर, गुडघ्याखाली बसल्या असतील आणि जनावर पाय झटकत असेल तर संशय चावऱ्या माशीचा, म्हणजे स्टोमोक्सिसचा. भिंतीवर बसताना ती बहुधा डोकं वर करून बसते.

दुसरं, दोन्ही ठिकाणच्या माश्या वेगवेगळ्या बाटल्यांत धरायच्या. आम्ही पायांवरच्या एका बाटलीत घेतल्या, ताटलीतल्या मेलेल्या दुसरीत. भिंगाखाली डोकं बाजूने धरलं की निकाल लागतो. घरमाशीची सोंड खाली लोंबते किंवा आत दुमडलेली असते. चावऱ्या माशीची सोंड काळी, कडक, आणि डोक्याच्या पुढे सरळ रोखलेली. वरून पाहताना सुद्धा ती डोक्यापुढे डोकावते. घरमाशीच्या पाठीवर चार गडद पट्टे, चावऱ्या माशीच्या पोटावर गोल गडद ठिपके. शंका राहिली तर पोट कागदावर दाबायचं. लाल रक्त निघालं की विषय संपला. इथे नरमादीचा फरक करू नका, या माशीत दोघंही रक्त पितात.

पायांवरच्या बाटलीत सगळ्या चावऱ्या निघाल्या, ताटलीत सगळ्या घरमाश्या. आमिषाने आपलं काम चोख केलं होतं, पण भलत्याच माशीवर. टिपणारं तोंड साखरेकडे धावतं. रक्तावर जगणाऱ्या माशीला ती साखर फारशी खेचत नाही.

या सोंडेची रचनाही पाहण्यासारखी आहे. डासाचं लेबियम बाहेर राहतं, इथे मात्र तेच कडक होऊन कातडीत घुसतं, आणि टोकाच्या पाळ्यांवरचे दात कातडी खरवडतात. लाळेची नळी आत वेगळी आहेच. पण चावा इतका दुखतो की जनावर लगेच झटकतं. माशीला पोटभर प्यायला काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ तिला मिळत नाही. मग ती ओल्या सोंडेनिशी शेजारच्या गाईवर जाते. तिसरा प्रश्न इथे कळीचा ठरतो. लम्पीच्या विषाणूला तिच्या लाळग्रंथीत जाऊन वाढायची गरज पडत नाही, सोंडेला लागलेला विषाणू तसाच पुढच्या जखमेत उतरू शकतो. म्हणून डासासारखी आठ-दहा दिवसांची सवड मिळत नाही, आणि गाठी आलेलं जनावर त्याच दावणीला ठेवणं सगळ्यात महागात पडतं.

तिसरं, माश्या मोजायच्या. सकाळी उन्हं वर आल्यावर प्रत्येक जनावराच्या पुढच्या पायांवरच्या माश्या मोजून सरासरी काढायची. एका पायावर पाचच्या वर गेली तर दूध आणि वजन घटू लागतं, असा ढोबळ नियम आहे. इथे आठ-नऊ येत होती.

चौथं, पैदास कुठे होते ते शोधायचं. मामांनी उकिरडा दाखवला, तो त्यांनी प्लास्टिकने झाकलेला होता. चावऱ्या माशीला निव्वळ शेणापेक्षा कुजका चारा आवडतो. गव्हाणीच्या बुडाशी कडब्याचं चघळ, त्यावर मूत, वर थोडं शेण, असा वीतभर थर कोपऱ्यात साचला होता. काठीने उकरला तर आत अळ्या वळवळत होत्या. अळी कुठल्या माशीची हे पाहायचं तर तिचं जाडं, मागचं टोक भिंगाखाली धरा. श्वासछिद्रांच्या दोन चकत्या दिसतात. घरमाशीत त्या मोठ्या आणि अगदी जवळजवळ असतात, चावऱ्या माशीत लहान आणि एकमेकींपासून दूर.

पाचवं, तो थर काढायचा आणि उन्हात चार बोटांहून पातळ पसरायचा. सोलापूरच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा. कोरड्या चाऱ्यात अळी जगत नाही. ढीग करून ठेवला तर वरून वाळतो आणि आत ओल राहते, म्हणजे श्रम फुकट. उबेच्या दिवसांत घरमाशीला अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, चावऱ्या माशीला दोन-तीन आठवडे लागतात. त्यामुळे आठवड्यातून दोनदा चघळ काढलं तर दोन्हींची साखळी तुटते. जुन्या माश्या मात्र आणखी काही आठवडे जगतात, म्हणून लगेच फरक दिसला नाही तर सफाई सोडू नका, मोजणी चालू ठेवा.

याची मर्यादाही सांगायला हवी. माश्या कमी झाल्या म्हणजे लम्पी टळलीच असं नाही. डास आणि बाहेरून आणलेलं आजारी जनावर या वाटा उघड्याच राहतात. लसीकरण आणि गाठी आलेल्या जनावराला वेगळं बांधणं, हे पशुवैद्याच्या सल्ल्याने आधी करायचं. माश्यांचा बंदोबस्त त्याच्या जोडीला.

फुलपाखराची नळी, आणि डाळिंबावरचा पतंग

मेलेलं फुलपाखरू कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. डोक्याखालच्या वेटोळ्यात सुई घालून नळी हळूच उलगडा. ही मॅक्सिलांच्या दोन लांब पाकळ्या एकमेकींना जोडून झालेली आहे. मॅन्डिबल नाहीत. टोक मऊ. अशा तोंडाला कातडी भेदता येत नाही, म्हणून फुलपाखरं माणसाला किंवा जनावराला रोग देत नाहीत, आणि पाठ्यपुस्तक इथेच थांबतं.

सांगोल्याकडच्या डाळिंबवाल्याला मात्र एक वेगळा पतंग माहीत असतो. मागचे पंख नारिंगी, त्यावर काळे डाग, रात्री बागेत येणारा. त्याच्या नळीचं टोक कडक आणि दातेरी असतं. पिकत आलेल्या फळाची साल तो भेदतो आणि रस ओढतो. तो फळात कुठला खास जंतू सोडत नाही. पण त्याने केलेल्या छिद्रातून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात, भोवताली मऊ, तपकिरी डाग पसरतो आणि फळ गळतं. तेल्याशी याची गल्लत करू नका. तेल्या हा जिवाणूजन्य करपा, तो मुख्यतः पावसाच्या शिंतोड्यांनी, छाटणीच्या कात्रीने आणि रोगट रोपांनी पसरतो.

फळावर छिद्र दिसलं की ते कुणाचं हे तोंडावरूनच ठरवा. टाचणीच्या टोकाएवढं असेल आणि दाबल्यावर रस येत असेल, तर तो रात्रीचा पतंग. त्याहून मोठं, गोल असेल आणि तोंडाशी विष्ठा साचून दुर्गंधी येत असेल, तर ती फळ पोखरणारी अळी. गंमत अशी की या अळीचं फुलपाखरू स्वतः निरुपद्रवी, नळीने मध ओढणारं. एकाच किड्याला बालपणी कुरतडणारं तोंड आणि मोठेपणी शोषणारं. म्हणून अळीसाठीची फवारणी रात्रीच्या पतंगाला लागू पडत नाही. अळी सालीवरचं औषध कुरतडताना पोटात घेते, पतंग मात्र सालीला नळीच्या टोकापुरताच शिवतो.

शिवाय या पतंगाच्या अळ्या डाळिंबावर नसतातच. त्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात. बागेच्या कुंपणावर, शेजारच्या ओढ्याच्या काठी या वेली असतील तर फळ रंगायला लागायच्या आधी त्या काढा किंवा त्यांच्यावरच्या अळ्या वेचा. गळलेली फळं दररोज उचलून पुरा, कारण आंबूस वासाने पतंग लांबून येतो. थोडीच झाडं असतील तर फळांना पिशव्या चढवा. सूर्यास्तानंतर दोन-तीन तासांनी विजेरी घेऊन बागेत एक फेरी मारा. उजेड पडला की पतंगाचे डोळे फळावर लाल चमकतात, आणि कुठल्या बाजूच्या ओळींवर ते जास्त आहेत यावरून वेली कुठे शोधायच्या हेही कळतं.